वाइनच्या यादीतला ग्लासचा रकाना

गेल्या आठवड्यात इथल्या एका रेस्टॉरंटमध्ये मी पांढरी वाइन मागवली, तर वेट्रेस म्हणाली, "ही बाटली तीन दिवसांपूर्वी उघडलीय, ती नको. थांबा, नवी उघडते." मी काही विचारलंही नव्हतं. तिच्या या प्रामाणिकपणाचं मला फार अप्रूप वाटलं, कारण ग्लासने वाइन घेणाऱ्याचं सगळ्यात मोठं नुकसान शिळ्या बाटलीतच होतं. बाटली उघडली की आत हवा शिरते. दोन-तीन दिवसांत फळांचा वास मावळतो आणि कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास येऊ लागतो. पांढरी वाइन जरा तपकिरी दिसू लागते, लाल वाइन सपक आणि आंबूस लागते. म्हणून "बाटली कधी उघडली?" असं सरळ विचारावं आणि आधी घोटभर चव मागावी. चांगल्या ठिकाणी याचा कुणालाही राग येत नाही. काही ठिकाणी कोराविन नावाचं उपकरण असतं. ते बुचातून बारीक सुई घालून वाइन काढतं आणि रिकाम्या जागेत आर्गॉन वायू सोडतं. तिथे महागडी वाइनही ग्लासने निर्धास्त घ्यावी.

मला खरी चीड येते ती यादीत ग्लासचं माप न छापणाऱ्यांची. बाटली ७५० मिलीची. १५० मिलीचे तिचे पाच ग्लास होतात, १२५ चे सहा आणि १७५ चे चारच. म्हणजे एकाच दरात कुणी १२५ मिली देतो, कुणी १७५, आणि नुसता आकडा वाचून स्वस्त काय ते ठरवताच येत नाही. पोटाचा घेर मोठा असलेल्या ग्लासात १२५ मिलीसुद्धा भरपूर दिसते, त्यामुळे डोळ्यांवर विसंबूनही चालत नाही. मी दर वेळी माप विचारते. टेबलावरचे इथले मित्र अवघडतात. पण भाव विचारण्यात कमीपणा नाही, हे आपल्याकडच्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

माप कळलं की हिशेब सोपा आहे. एका यादीतल्या दोन पांढऱ्या वाइन घेऊ, दोन्ही १५० मिलीच्या. चलन कुठलंही धरा. पहिली, हाउस वाइन: ग्लास ८, बाटली ३२. पाच ग्लासांचे होतात ४०, म्हणजे सुटं घेणाऱ्याला पाव पट जास्त. दुसरी: ग्लास १२, बाटली ६०. पाच ग्लासांचे बरोबर ६०, सुट्याचा दंड काहीच नाही.

आता रेस्टॉरंटची खरेदी बघा. समजा, पहिली बाटली त्यांना ८ ला पडली आणि दुसरी २० ला. पहिलीवर चौपट, दुसरीवर तिप्पट. पहिलीचा एक ग्लास विकला की अख्ख्या बाटलीचे पैसे वसूल; हा या धंद्यातला जुना ठोकताळाच आहे, कारण उरलेली वाइन ओतून द्यावी लागू शकते. ८ च्या ग्लासात खरेदीच्या भावाने १.६ ची वाइन आहे, १२ च्या ग्लासात ४ ची. वरचे ४ दिले, त्यातले २.४ थेट वाइनमध्ये गेले. म्हणून मी १२ चा ग्लास घेते, एकच घेते आणि सावकाश पिते. याला उधळपट्टी म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून बघावा.

खरेदीचा भाव गिऱ्हाइकाला दिसत नाही. पण फोनवर त्याच वाइनची दुकानातली किंमत सापडते. यादीतली बाटली तिच्या दुपटीच्या आसपास असेल तर भाव रास्त, तिपटीपुढे गेली तर पुढची ओळ वाचावी. भाडं, पगार, फुटणारे ग्लास हे सगळं या पटीतूनच निघतं, त्यामुळे फरकाबद्दल मुळात माझी तक्रार नाही.

यादीत स्वस्ताईत दुसऱ्या क्रमांकावर असलेली वाइन म्हणजे फसवणूक, असं सगळे सांगतात. डेव्हिड डी मेझा आणि विक्रम पथानिया या अर्थशास्त्रज्ञांनी लंडनमधल्या रेस्टॉरंटच्या याद्या तपासल्या, तर सर्वाधिक पट यादीच्या मधल्या किमतींच्या आसपास निघाली. मला ते पटतं. बुजरं गिऱ्हाईक मध्यावर बोट ठेवतं.

नावाचेही पैसे लागतात. साँसेर या फ्रेंच पांढऱ्या वाइनचं नाव सगळ्यांना उच्चारता येतं, म्हणून ते महाग. फ्रान्सच्या त्याच ल्वार खोऱ्यातली तूरेनची पांढरी वाइन बहुधा त्याच सोव्हिन्यॉं ब्लां द्राक्षाची असते आणि बहुतेकदा बरीच स्वस्त. शॅम्पेनऐवजी क्रेमाँ ही फेसाळ वाइन घ्यावी. तिचा फेसही बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून तयार होतो. ग्लासच्या रकान्यात अशी अनोळखी नावं दिसली की मी तिथेच थांबते, कारण ती वाइन बहुधा कुणीतरी आवडली म्हणून यादीत घातलेली असते.

टेबलावर चौघं एकच वाइन पिणार असतील, तर मात्र ग्लासचा रकाना सोडून बाटलीच मागवावी. तेव्हा हाउस वाइनचा ८ चा ग्लासही ६.४ ला पडतो आणि बाटली आपल्यासमोर उघडली जाते.