ताळा केला का?

१७ सप्टेंबरचं झेंडावंदन झालं की पोरं खाऊ घेऊन घराकडं पळायची. आम्ही नववीत होतो त्या वर्षी मात्र गणिताच्या सरांनी आम्हाला वर्गात बसवलं आणि फळ्यावर लिहिलं: २६ जानेवारी १९५० ला गुरुवार होता, तर निजामाने शरणागती पत्करली त्या १७ सप्टेंबर १९४८ ला कोणता वार?

मधले दिवस भरले ४९६. सातने भागले, भागाकार ७०, बाकी ६. गुरुवारच्या पुढं सहा मोजून मी "बुधवार" म्हणालो.

"मागं जायचंय ना रे? मग संख्या उणे ४९६."

मी भागाकाराला उणे चिन्ह लावलं आणि बाकी ६ तशीच ठेवली. सर एवढंच म्हणाले, "ताळा केला का?"

भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी. सात गुणिले उणे ७० म्हणजे उणे ४९०, त्यात ६ मिळवले की उणे ४८४. आपली संख्या उणे ४९६. ताळा जुळत नव्हता.

मग सरांनी आडवी संख्यारेषा काढली आणि उणे ४९६ वर खडू टेकवला. तिथून डावीकडं सरकत सातच्या पाढ्यातली जी पहिली संख्या लागते, तिथं थांबायचं. ती उणे ४९७. तिच्यापासून आपली संख्या उजवीकडं एकच घर.

-४९६ = ७ × (-७१) + १

बाकी १, म्हणून गुरुवारच्या पुढचा शुक्रवार. भागाकार उणे ७० आणि बाकी उणे ६ धरली तरी ताळा जुळतो, आणि गुरुवारच्या मागं सहा गेलं तरी शुक्रवारच येतो, कारण उणे ६ आणि १ यांत बरोबर सातचा फरक आहे. पण बाकी शून्य ते सहा यांतलीच हवी, म्हणून उत्तर १ च.

पुढं बी.एस्सी.ला नंबर थिअरीत हीच गोष्ट पुन्हा भेटली. सी भाषेत `-496 % 7` चं उत्तर -६ येतं, पायथॉनमध्ये १. संगणकाने दिलेली उणे बाकी आमच्यातल्या कित्येकांनी जशीच्या तशी उतरवली. मी आधी संख्येतून बाकी वजा करून सातने भाग जातो का ते बघायचो, मग बाकी शून्य ते सहामध्ये आहे का ते. पहिली कसोटी -६ सुद्धा पार करते, दुसऱ्या कसोटीला अडकते. या दोन्ही कसोट्या लागतात हे मला त्या फळ्यामुळं पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवशी घरी जाताना सरांनी आणखी एक तारीख दिली होती: १५ ऑगस्ट १९४७. आमच्या १७ सप्टेंबरपासून ३९९ दिवस मागं. उणे संख्येसाठी आम्ही "सातातून बाकी वजा" अशी सोपी रीत काढली होती. ३९९ ला सातने भाग जातो, बाकी शून्य, म्हणून त्या रीतीने उत्तर आलं सात. सात ही सातने भागल्यावरची बाकी असूच शकत नाही. शून्याला ही रीत लागत नाही, तिथं बाकी शून्यच. देश स्वतंत्र झाला तोही शुक्रवार, आणि बरोबर ५७ आठवड्यांनी आपला मराठवाडा मोकळा झाला तोही शुक्रवारच.