भाचीच्या बातमीचा मेसेज

आज दुपारभर दादाच्या मेसेजवर बसले होते. बाळ झाल्याचं सगळ्यांना कळवायचं म्हणून त्याने लिहिलेलं, 'कळविण्यास अत्यंत आनंद होतो की' पासून सुरू, मग वहिनीचं माहेरच्या आडनावासकट पूर्ण नाव, तारीख, 8 वाजून 42 मिनिटं, हॉस्पिटल, वजन, आणि सोबत फोटो. फोटो झूम केला तर बाळाच्या मनगटावरच्या पट्टीवर वहिनीचं नाव आणि पेशंट नंबर अगदी स्पष्ट वाचता येतोय.

दादा म्हणाला, अगं आपलेच लोक आहेत ना सगळे. हो, पण सोसायटीच्या ग्रुपवर एकदा पडलं की तिथून कुठे जाईल ते आपल्या हातात नाही, 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं तरी ज्याने सेव्ह केलंय त्याच्याकडे राहतंच. आणि जन्मतारीख काही नंतर बदलता येत नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, त्यावरच्या तारीख, ठिकाण, आईवडिलांची नावं या चारही गोष्टी आपणच एका मेसेजात कशाला वाटायच्या? आईचं माहेरचं आडनाव तर कितीतरी ठिकाणी सिक्युरिटी प्रश्न म्हणून विचारतात.

मग मी एकेक काढत गेले. तारखेऐवजी 'या आठवड्यात', हॉस्पिटल गेलं, वेळ फक्त पत्रिकेसाठी गुरुजींना. पण एवढं काढल्यावर उरलं ते बँकेच्या नोटिशीसारखं कोरडं वाटायला लागलं. म्हणून दादाला विचारलं, तिला पहिल्यांदा बघितलंस तेव्हा काय झालं ते सांग. मग मेसेज असा झाला:

'आमच्याकडे या आठवड्यात छकुली आली! डोक्यावर इतकं जावळ की नर्सताईंनी आल्या आल्या भांग पाडून दिला. आजोबांचं बोट धरलंय ते सोडायलाच तयार नाही आणि आजोबाही जेवायला उठत नाहीत. आई आणि बाळ दोघी छान. नाव बारशाला आत्या सांगेल, तोवर थांबा. फोटो कृपया स्टेटसला ठेवू नका.'

आई म्हणे वजन तर लिहायलाच हवं, बायका पहिलं तेच विचारतात. तर वजन घातलं, त्याने काही बिघडत नाही.

फोटो दुसरा निवडला, आजोबांचं बोट आणि तिची मूठ, पट्टीच्या वर क्रॉप केलेला, चेहरा नाहीच. दादा क्वालिटी जाऊ नये म्हणून डॉक्युमेंट करून पाठवणार होता, तेवढं थांबवलं, कारण व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्यातलं लोकेशन निघून जातं, डॉक्युमेंटमध्ये मात्र मूळ फाइल जशीच्या तशी जाते, कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर त्याच्यासकट.

संध्याकाळी काकांचा फोन आला, कुठल्या हॉस्पिटलात आहे गं, बघायला यायचंय. त्यांना फोनवरच सांगितलं, भेटायची वेळ पण सांगितली.