४०४च का?

आज बाजार उघडण्याआधी भाच्याने माझी वही वाचली आणि विचारलं, "मामा, ४०४च का? सरळ ४०० का नाही?"

वहीत एवढंच होतं: 'बरेच दिवस ४०५ ला अडलेला शेअर काल मोठ्या व्हॉल्यूमने वर गेला, म्हणून ४१२ ला खरेदी. ४०४ च्या खाली गेला तर कारण खोटं, विकायचा.'

प्रश्न दिवसभर डोक्यात राहिला. ४०० गोल आकडा आहे, पण माझ्या कारणाशी त्याचा संबंध नाही. भाव पुन्हा ४०५ खाली आला की वर जाणंच फसलं. एक रुपया किरकोळ हालचालीसाठी सोडलाय. तोटा किती सोसायचा, ते शेअरच्या संख्येने ठरवायचं: सोसायचा तोटा २,००० रुपये, भागिले ४१२ आणि ४०४ मधले ८ रुपये, म्हणजे २५० शेअर.

उद्या भाव थेट ३९८ ला उघडला, तर मात्र विकताना ४०४ मिळणार नाही.

तुम्ही हा आकडा खरेदीआधी लिहिता की नंतर?