दुसरी काख

सिंहगड रस्त्याच्या बाजूला माझं छोटं सर्जिकल क्लिनिक आहे. गेल्या जूनमध्ये, पाऊस नुकताच सुरू झाला होता तेव्हा, सकाळच्या ओपीडीत एक सव्वीस वर्षांची मुलगी आईबरोबर आली. डावा हात अंगापासून जरा लांब धरून चालत होती. बसायच्या आधीच म्हणाली, "डॉक्टर, परत तेच. चिरा देऊन टाका, म्हणजे दुपारी कामावर जाता येईल."

आई म्हणाली, "काखमांजरी झालीय हो. हिला उष्णताच फार. आंबे खाऊ नको म्हटलं तर ऐकत नाही."

सिस्टरांनी जुना केसपेपर काढून दिला. नोव्हेंबरमध्ये डाव्या काखेत गळू, चिरा दिला, पाच दिवस अँटिबायोटिक. मार्चमध्ये पुन्हा डावी काख, पुन्हा चिरा, पुन्हा पाच दिवस. दोन्ही वेळा अक्षर माझंच. मार्चच्या नोंदीखाली 'साखर नॉर्मल' असंही लिहिलं होतं, आणि त्या दोन शब्दांवर मी विषय संपवला होता. सहा-सात महिन्यांत त्याच जागी तिसऱ्यांदा गळू आलं, तर निव्वळ गळू म्हणून ते सोडून देता येत नाही, हे मला माहीत होतं. तरी दोन्ही वेळा मी फक्त दुखरी जागा पाहिली होती.

या वेळी म्हटलं, "दोन्ही हात वर करा."

तिनं कुरकुरतच उजवा हात वर केला. उजव्या काखेत त्या दिवशी काहीच दुखत नव्हतं, पण सगळी गोष्ट तिथेच लिहिलेली होती. कातडीखाली सुतळीसारखे दोन ताठ वण होते. त्यांच्या बाजूला ब्लॅकहेड होते, पण सुटे सुटे नाहीत, जोडीजोडीनं. एकाच खड्ड्याला दोन काळी तोंडं असावीत तसे. वणाच्या एका टोकाला बोट दाबलं, तर तीन सेंटिमीटर दूरच्या बारीकशा भोकातून पिवळट थेंब बाहेर आला. म्हणजे आत बोगदा तयार झाला होता, जुने लोक ज्याला नाडीव्रण म्हणतात तो.

मी आईंना म्हटलं, "मावशी, तुम्ही जरा बाहेर बसता का?" सिस्टर थांबल्या. मग विचारलं, "अजून कुठे होतं? जांघेत, छातीखाली, बसायच्या जागी?"

ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "जांघेत. अकरावीत असल्यापासून." नऊ वर्षं! पाळीच्या आधी वाढतं. मेडिकलमधून गोळ्या आणायची, रात्री गरम पाण्याचा शेक द्यायची, सकाळी कपड्यांवर डाग पडू नये म्हणून कापूस लावून कॉलेजला जायची. दोनदा आंघोळ, जंतुनाशक साबणानं घासून घासून. "मला वाटायचं, मी नीट स्वच्छ राहत नाही म्हणून होतं," असं म्हणताना तिचे डोळे भरून आले.

हायड्राडेनायटिस सपुराटिव्हा. नावाचा अर्थ घामाच्या ग्रंथींची सूज असा होतो, पण नाव चुकीचं पडलंय. सुरुवात केसाच्या मुळाशी होते. मुळाचं तोंड बुजतं, आतला भाग फुगून कातडीखालीच फुटतो आणि शरीराची प्रतिकारशक्ती तिथे गरजेपेक्षा जास्त सूज आणते. म्हणून जिथे कातडीला कातडी घासते तिथे हे होतं. घाणीमुळे होत नाही, कुणाकडून लागत नाही आणि कुणाला देताही येत नाही. हे मी तिला दोनदा सांगितलं. घासणं आधी बंद करा म्हटलं, कारण घासण्यानं त्याच जागा आणखी चिडतात.

त्या दिवशीचं डाव्या काखेतलं गळू मी फोडलं नाही. गाठ कडक होती, बोटाखाली पाणी हलल्यासारखं लागत नव्हतं, ताप नव्हता. पू साचून कातडी ताणलेली असेल आणि वेदना असह्य असेल तर चिरा द्यायलाच हवा, त्यानं तासाभरात आराम पडतो. पण या आजारात चिऱ्यानं फक्त पू निघतो. फुटलेलं मूळ आणि बोगदा आतच राहतात, आणि गळू परत येतं. मी गाठीत थोडं स्टेरॉइड टोचलं. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला, हात खाली टेकतोय म्हणून.

रक्त तपासलं. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.० आली. मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. ही साखर तिच्या गळवांचं कारण नव्हती. पण हा आजार असलेल्यांत वजन आणि साखर वाढलेली बरेचदा सापडते, म्हणून त्यावरही लक्ष ठेवायचं ठरलं.

योगायोग असा की त्याच संध्याकाळी एक रिक्षाचालक आले, बावन्न वर्षांचे. जांघेत गळू, त्याआधी महिनाभरात मानेवर एक, मांडीवर एक. त्यांनाही मी दोन्ही काखा, दोन्ही जांघा उघड्या करायला लावल्या. वण नाहीत, जोडीचे ब्लॅकहेड नाहीत, बोगदा नाही. गळवं दर वेळी नव्या जागी, आणि सगळी या दोन महिन्यांतली. बोटातून रक्त घेऊन तिथेच साखर पाहिली: ३४०. मधुमेह आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांचं गळू पिकलेलं होतं, ते मी फोडलं, आसपासची लाली पेनानं आखून ठेवली आणि सांगितलं, "ही लाली रेषेबाहेर गेली, ताप आला किंवा कातडी काळी पडली, तर सकाळची वाट पाहू नका." इतक्या साखरेत जांघेतला जंतुसंसर्ग तासातासाला पसरू शकतो. साखर ताब्यात आली, जखम भरली आणि पुढे त्यांना गळू झालेलं नाही.

त्या मुलीचं इतकं सरळ नव्हतं. त्वचारोगतज्ज्ञ मैत्रिणीशी बोलून डॉक्सिसायक्लिन सुरू केली, तीन महिने. हे औषध इथे जंतू मारण्यापेक्षा सूज उतरवण्यासाठी जास्त असतं, म्हणून पाच दिवसांचा कोर्स कामाचा नाही. गरोदरपणात ते चालत नाही, तेही आधी विचारून घेतलं. सोबत लावायला क्लिंडामायसिनचं लोशन. उजव्या काखेतला बोगदा मात्र गोळ्यांनी बुजणारा नव्हता. ऑगस्टमध्ये ती जागा बधिर करून बोगद्यात सळई घातली आणि वरचं छप्परच कापून काढलं. तळ तसाच ठेवला, टाके घातले नाहीत. उघडी जखम पाच आठवड्यांत आपोआप भरली. काढलेला तुकडा तपासायला पाठवला, कारण आपल्याकडे काखेतली वाहणारी जखम क्षयाचीही असू शकते. रिपोर्टमध्ये क्षय नव्हता.

आजार गेलेला नाही. डिसेंबरपर्यंत जांघेत दोनदा गाठ आली, दोन्ही वेळा चिऱ्याशिवाय बसली. वाढलंच तर अ‍ॅडालिमुमॅबची इंजेक्शनं आहेत. ती महाग असतात आणि सुरू करण्यापूर्वी छातीचा क्षय नाही ना हे पाहावं लागतं. सध्या त्याची गरज नाही.

ड्रेसिंगच्या शेवटच्या दिवशी मुलगी बाहेर पैसे देत होती तेव्हा तिची आई आत आली, दार ओढून घेतलं. "डॉक्टर, मलाही होतं हे. लग्नाआधीपासून, पाळी जाईपर्यंत. कुणाला सांगितलंच नाही हो." मी म्हटलं, घराण्यात चालतं हे कधी कधी. त्या थोडा वेळ उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "धाकटी सतरा वर्षांची आहे."

पुढच्या सोमवारी त्या तिला घेऊन आल्या. जांघेत वाटाण्याएवढी एक गाठ, काखेत जोडीचे दोन ब्लॅकहेड. वण अजून एकही नव्हता. लोशन त्याच दिवशी सुरू केलं.