नुसती बघते

"तुमच्या गोष्टींतली माणसं नुसती बघतात. कधी रोखून बघत नाहीत, कटाक्ष टाकत नाहीत, डोळे वटारत नाहीत. शब्द कमी पडतात की मुद्दाम करता?"

शब्द कमी पडत नाहीत. माझ्याकडे दोनशे पानी वही आहे. पंचवीस-सव्वीस वर्षांची असताना मी तिच्यात बघण्याचे शब्द गोळा करायचे. निरखणे, न्याहाळणे, डोकावणे, टेहळणे, टक लावणे, नजर चुकवणे, काणाडोळा करणे, खाऊ की गिळू अशा नजरेनं बघणे. वाचताना नवा शब्द भेटला की वहीत, आणि संधी मिळाली की गोष्टीत. एका गोष्टीत माझ्या नायिकेनं दीड पानात सासूकडे चोरून पाहिलं, दिराकडे तिरका कटाक्ष टाकला, नवऱ्याला डोळे भरून न्याहाळलं आणि शेवटी खिडकीतून शून्यात टक लावली. बाईला दुसरं कामच नव्हतं. पण तेव्हा मला वाटायचं की माणसाच्या मनात काय चाललंय हे दाखवायचा हाच सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. स्वस्त होताच. म्हणूनच अंगाशी आला.

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी चुलतबहिणीचं लग्न होतं. मागच्या दारी खापरावर मांडे चालले होते, धुरानं बायकांचे डोळे लाल. आतल्या खोलीत पलंगावर बस्ता मांडलेला. शालू, मानाच्या साड्या, टॉवेल-टोप्या, सगळं ओळीनं. माझी धाकटी काकू त्या खोलीच्या दारात उभी होती. काका जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. नवरीच्या साड्यांना तिनं हात लावायचा नाही, हे कुणी बोललं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. ती उंबऱ्याच्या अलीकडे थांबली, चौकटीला हात लावून, आणि शालूकडे बघत राहिली. बराच वेळ. मी पाण्याचा जग घेऊन दोनदा तिच्या बाजूनं गेले, ती हलली नाही.

ते दृश्य मी सोडणार थोडीच. पुढच्या वर्षी एका दिवाळी अंकात गोष्ट आली. त्यातलं वाक्य मला पाठ आहे: "काकू दाराआडून डोकावली आणि पलंगावरच्या शालूकडे अधाशी नजरेनं टक लावून बघू लागली." वाचकांची पत्रं आली. विधवेची दबलेली हौस एका वाक्यात पकडली, असं एकानं लिहिलं. मी ते पत्र वहीतच ठेवलं होतं.

अंक गावी गेला. काकूच्या सातवीतल्या मुलीनं ओट्यावर बसून गोष्ट मोठ्यानं वाचली, आईला, शेजारणींना. काकूनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मी उन्हाळ्यात गेले तेव्हा चहा दिला, दोन बिस्किटं दिली आणि मग शांतपणे म्हणाली, "तू माले चोट्टी करी टाकं वं माय."

मी म्हटलं, काकू, ती तू नाहीस, गोष्टीतली आहे. हे उत्तर लेखक देतात आणि नातेवाइकांना ते कळत नाही असं मानतात. तिला नीट कळलं. "व्हई," म्हणाली, आणि उठून आतून एक साडी घेऊन आली. तिची उलटी बाजू माझ्यापुढे धरली. फॉलच्या कडेनं काठ चुण्या पडून आखडला होता. बस्त्यातल्या सगळ्या साड्यांना फॉल-बिडिंग तिनंच केलं होतं. शालू आला उशिरा, लग्नाला तीन दिवस राहिले असताना. सुती फॉल आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच लावायचा असतो. नाही तर पहिल्या धुण्यात तो आटतो, साडी आटत नाही, आणि काठ गोळा होतो. शालूच्या फॉलला तेवढा वेळच मिळाला नव्हता. कोरडाच लावला. त्यातून टाके घाईत घट्ट ओढले गेले असले, तर धुण्याचीही वाट बघावी लागत नाही, घडी घातली तरी काठावर सूत ओढल्यासारखं दिसतं. आत जाऊन काठ उलटून बघता येत नव्हता. म्हणून ती दारातून, सहा हातांवरून, दिसतंय का ते बघत होती.

मला अधाशीपणा दिसला होता. ती स्वतःचे टाके तपासत होती.

आता ते वाक्य सोडवून बघू, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच कुठंतरी आहे. 'डोकावणे' या शब्दाला आड लागतो: दार, खिडकी, भिंत, विहिरीचा काठ. शरीर अलीकडे, मान पलीकडे. आणि बहुतेक वेळा त्यात आणखी एक गोष्ट गुपचूप येते, की बघणाऱ्याचा तिथं हक्क नाही. काकू आडून बघतच नव्हती, चौकटीत उघड उभी होती. तिचा हक्क नाही हे घरानं ठरवलेलं, आणि मी एका क्रियापदात घराच्या बाजूनं साक्ष दिली. 'टक लावणे' हा शब्द तर बघणारा स्वतःविषयी फारसा वापरतच नाही. ज्याच्याकडे बघितलं जातंय त्याला, नाही तर बाजूनं पाण्याचा जग घेऊन जाणाऱ्याला, तो सुचतो. म्हणजे तो शब्द माझा होता, आणि मी तो काकूच्या डोळ्यांना चिकटवला. 'अधाशी'बद्दल काय बोलायचं.

'निरखणे' लिहिलं असतं तर? निरखणारा काहीतरी शोधत असतो, बारकाव्यानं. ते खरं ठरलं असतं. पण तेव्हा मला ते सुचूच शकत नव्हतं, कारण ती काय शोधत होती हे मला ठाऊक नव्हतं. नेमका शब्द वहीत असून उपयोग नाही, असं मी म्हणते ते यासाठी.

तुम्ही म्हणाल, मग चुकीच्या शब्दाचा राग सगळ्या शब्दांवर का? बरोबर आहे. खरी चूक शब्दापेक्षा निवेदनाची होती. गोष्ट मी तृतीय पुरुषात लिहिली होती. तिथं 'अधाशी नजरेनं' म्हटलं की ती बातमी होते, वाचकाला पलीकडे जायला जागा उरत नाही. तेच वाक्य लग्नात मिरवणाऱ्या, अर्धवट कळत्या पुतणीच्या तोंडी, 'मी'मध्ये असतं, तर ती साक्ष झाली असती, आणि साक्षीवर शंका घेता येते. मग 'डोकावली' हा शब्द काकूबद्दल काही सांगत नाही, पुतणीबद्दल सांगतो. हे कळायला मला एक आखडलेला काठ लागला.

आणि नुसती 'बघते' म्हणता, ते मला मान्यच नाही. मराठीत पुष्कळसं काम मागून येणारं क्रियापद करतं. काकू बघत बसली, म्हणजे सांगणाऱ्याला वाटतंय की वेळ वाया गेला. बघत राहिली, म्हणजे तो दोष नाही, फक्त वेळ लांबला. शालू बघून घेतला, म्हणजे स्वतःच्या कामासाठी, मनाचं समाधान होईपर्यंत. बघून ठेवला, म्हणजे पुढं कधीतरी उपयोग आहे. आणि 'तुला बघून घेईन' हे काय असतं ते सांगायला नको. शिवाय 'काकूला शालू दिसला' असं लिहिलं की तिच्यावरची जबाबदारीच जाते. तिनं काही केलं नाही, शालूच डोळ्यांपुढे आला. चोरून बघणारी माणसं पकडली गेल्यावर हेच म्हणतात, "बघितलं नाही हो, दिसलं." 'बघितलं' आणि 'दिसलं' यांच्यामधल्या फटीत मला एक अख्खी गोष्ट बसवता येते, कटाक्ष न टाकता.

कटाक्षाशी माझं भांडण वेगळंच आहे. बोलताना आम्ही तो शब्द फक्त 'कटाक्षानं टाळतो' अशा ठिकाणी वापरतो. आमच्या घरात कुणी कुणाकडे कटाक्ष टाकल्याचं मी ऐकलेलं नाही. आमच्याकडे 'देख' म्हणतात. ते मी एकदा संवादात लिहिलं, तर समासात पेन्सिलीनं 'हिंदीचा प्रभाव?' असं लिहून परत आलं. देखणी चालते, देखावा चालतो, देखरेख चालते, आमच्या अहिराणीतलं देख मात्र हिंदी. असो, यावर वेगळं लिहीन कधीतरी.

डोळे वटारणं मी टाळते कारण त्याला पायरी लागते. मोठा लहानावर वटारतो, मास्तर पोरावर, सासू सुनेवर. सुनेनं सासूवर वटारले तर तो गोष्टीतला मोठा प्रसंग असतो. तिथं मी तो शब्द जरूर वापरीन, एकदाच. 'रागानं डोळे वटारून रोखून पाहिलं' असं लिहिणाऱ्याला मात्र विचारावंसं वाटतं, बाबा, राग त्यात आधीच होता, तू तीनदा का वाढलास?

इथवर मी फार शहाणी वाटत असेन. खरं सांगायचं तर काकूच्या त्या चहानंतर मी घाबरले. शब्दांची किंमत कळून ते टाळणं वेगळं आणि चटका बसल्यामुळे टाळणं वेगळं, आणि माझ्यात दुसरं जास्त आहे. 'बघते' लिहिलं की कुणी ओट्यावर मला धरू शकत नाही. ज्या संपादकांनी 'अलीकडे फार कोरडं लिहिता' असं कळवलं, त्यांच्यावर मी चिडले होते. आता तेवढी चिडत नाही. सव्वीस वर्षांची ती वहीवाली पोर चुकली, पण तिनं अंदाज बांधायची हिंमत तरी केली. मी अंदाजच बांधत नाही. 'नजर चुकवली' एवढं एक मला अजून सोडवत नाही, कारण त्याला कारण सांगावं लागत नाही, लाज की भीती की नुसता कंटाळा, ते वाचकानं बघावं. पण हीसुद्धा पळवाट असेल, कोण जाणे.

दोन वर्षांपूर्वी संग्रहासाठी मी ती गोष्ट पुन्हा लिहिली. डोकावली काढलं, अधाशी काढलं, टक काढली. "काकू दारात उभी राहून शालूचा काठ बघत होती." पुढं फॉलचं सगळं आलं, न भिजवलेला, आखडणारा. छापायच्या आधी गावी गेले आणि या वेळी काकूला मीच वाचून दाखवली. ती भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. वाचून झाल्यावर दोन शेंगा फोडल्या, दाणे सुपात टाकले.

"आते बराबर से," म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पन पयली गोट मस्त व्हती."