अठ्ठेचाळीस बरोबर, तरी चूक

भिवंडीच्या गोदामात आम्ही गेल्या वर्षी शॅम्पूच्या खोक्यांना आरएफआयडी टॅग लावले, म्हणजे रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणाऱ्या चिपच्या चिठ्ठ्या. त्याआधी गन घेऊन एकेका खोक्याचा बारकोड मारावा लागे. वीत-दीड वीत अंतरावर गन धरायची आणि स्टिकर समोर नसेल तर खोका फिरवायचा. अठ्ठेचाळीस खोक्यांच्या पॅलेटला वीस मिनिटं सहज जात. आता डॉकच्या दारातल्या अँटेनांमधून पॅलेट ढकललं की चार सेकंदांत आकडा येतो.

त्या दिवशी नागपूरच्या गाडीचं पॅलेट तीन नंबरच्या दारातून गेलं. स्क्रीनवर ४८, ऑर्डरही ४८, हिरवा दिवा. गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी नाशिकचा माल चढवताना सिस्टीम अडली: यातले तीन खोके कालच नागपूरला गेलेत. खोके तर माझ्यासमोर उभे होते!

लॉग उघडला तेव्हा उलगडा झाला. नागपूरच्या पॅलेटच्या पोटातले तीन खोके वाचलेच गेले नव्हते. शॅम्पूत बहुतांश पाणी असतं आणि ते या रेडिओ लहरी शोषून घेतं. त्याच वेळी शेजारच्या दारात थांबलेल्या नाशिकच्या पॅलेटवरचे तीन टॅग चार-पाच मीटरवरून वाचले गेले होते. तीन कमी, तीन जास्त, बेरीज चोख. आणि सॉफ्टवेअरवाल्यांनी जुळवणी फक्त मालाचा प्रकार आणि नग यांची ठेवली होती, खोक्याच्या स्वतंत्र क्रमांकाची नाही. हे कुणा शहाण्याला सुचलं कोण जाणे.

बारकोड चुकतो तो बहुधा न वाचून. गन ‘टीं’ करत नाही, एवढंच. न बोलावलेला खोका तो मोजत नाही.

मग रीडरची पॉवर कमी केली. शेजारचे टॅग गेले, पण पोटातले आणखी चुकू लागले. कमजोर सिग्नल गाळावेत म्हटलं, तर पाण्याआडचा आपला खोका आणि दूरचा परका खोका लॉगमध्ये जवळपास सारखेच दिसतात. हीच गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. शेवटी दोन दारांमध्ये पत्रा उभा केला आणि टॅगची बाजू बाहेर येईल असं खोके रचायला हमालांना सांगितलं. मधल्या खोक्यांना बाहेरची बाजूच नसते, ते गन घेऊन रचतानाच मारतो.

साहेब विचारतात, क्यूआर का नाही? थोडासा भाग खराब झाला तरी तो बहुधा वाचता येतो, साध्या मोबाइलवरही चालतो, आणि छापायला टॅगच्या मानाने नगण्य खर्च. खरंय. पण तोही डोळ्यांसमोर यावा लागतो, म्हणजे पुन्हा एकेक खोका फिरवणं आलंच.

नागपूरला पोचलेले ते तीन खोके महिनाअखेरीपर्यंत आमच्याच शिलकीत दिसत होते. त्यांची बॅचही नाशिकच्या त्या तीन खोक्यांपेक्षा वेगळी निघाली.