घ की ध : तहसीलसमोरच्या लॅपटॉपची केस

उदगीरला माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. एप्रिलमधल्या एका दुपारी एक टायपिस्ट काका आले. तहसीलच्या आवारात लिंबाखाली बसून ते अर्ज, प्रतिज्ञापत्रं, खरेदीखतांचे मसुदे टाईप करतात. तिथं वीज नाही, सगळा दिवस बॅटरीवर. पोरगा इंजिनिअरिंगला होता तेव्हा घेतलेला गेमिंगचा लॅपटॉप आता वडिलांकडं आलेला.

"दादा, बॅटरी चार तास बी जायना, अन् अक्षर पुसट दिसायलंय," ते म्हणाले. "काल एका मसुद्यात घुगेचं धुगे झालं. पक्षकारानं प्रिंटवर धरलं म्हणून बरं. स्क्रीन गेली का काय?"

खरेदीखतात आडनाव चुकलं तर पुढं चूकदुरुस्तीचा दस्त करायची वेळ येते, त्यामुळं त्यांची काळजी मला पुरती कळली. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तीच पुढं कामाला आली. पोराला त्यांनी स्क्रीनशॉट पाठवला होता, आणि पोरगा पुण्याहून म्हणाला, "बाबा, एकदम स्पष्ट आहे, चष्म्याचा नंबर तपासा."

स्क्रीनशॉट स्पष्ट आणि स्क्रीन पुसट, याचा अर्थ ठरलेला आहे. विंडोजनं तयार केलेलं चित्र चांगलं आहे. ते पॅनेलवर पोचताना ताणलं जातंय. स्क्रीनशॉट ताणण्याच्या आधीचं चित्र घेतो, म्हणून त्यात दोष येत नाही. `Display` मध्ये बघितलं तर रिझोल्यूशन १९२० × १२०० आणि स्केल १०० टक्के. पॅनेल मात्र १६ इंची, २५६० × १६०० चं. मूळ रिझोल्यूशनला अक्षरं फार बारीक दिसत होती म्हणून कुणीतरी ते खाली आणून दिलं होतं, आणि वर सांगितलं होतं की यानं बॅटरीही वाचते.

मदरबोर्ड बघायचं भिंग मी काकांच्याच हातात दिलं आणि 'घ' वर धरायला लावलं. काळ्या रेघेच्या दोन्ही अंगांना करडी पट्टी होती, तिला लालसर-निळसर झाक. 'ध'च्या डोक्यावरची जी उघडी फट त्याला 'घ'पासून वेगळं करते, ती बारा पॉइंटच्या अक्षरात त्या करड्यानं जवळजवळ बुजली होती.

कारण साधं आहे. एलसीडीतले पिक्सेल जागचे हलत नाहीत, मोजून २५६० आडवे आणि १६०० उभे. १९२० चे २५६० करायचे म्हणजे चित्राच्या दर तीन पिक्सेलांना पॅनेलचे चार पिक्सेल पुरवायचे. चौघांच्या पंगतीत तीन भाकऱ्या आल्या की प्रत्येक भाकरी मोडावीच लागते, तसं. एका पिक्सेलची काळी रेघ एक पूर्णांक एक तृतीयांश पिक्सेलांवर पसरते, आणि उरलेला अंश करडा होऊन शेजारी सांडतो. विंडोजचं क्लिअरटाईप अक्षराची कड गुळगुळीत करायला लाल, हिरवा, निळा हे उपपिक्सेल वेगवेगळे वापरतं. ताणलेल्या चित्रात त्याचा हिशेब जागेवर बसत नाही, म्हणून ती रंगीत झाक.

मी रिझोल्यूशन २५६० × १६०० केलं आणि स्केल १५० टक्के. अक्षरं आधीपेक्षा थोडी मोठीच आली, पण इथं ताणणं नाही. फाँटची बाह्यरेषा विंडोज नव्यानं, दीडपट पिक्सेलांत काढतं. सोळा पिक्सेल उंचीचं अक्षर चोवीस पिक्सेलांत उमटतं आणि 'ध'ची फट फटच राहते. काकांनी भिंग न घेता बघितलं आणि एवढंच म्हणाले, "हां, आता दिसायलं."

आता बॅटरी. गेमसाठीचं वेगळं ग्राफिक्स कार्ड जागं राहिलं तर तेच सगळ्यात जास्त खातं, म्हणून आधी ते तपासलं. ते झोपलेलं होतं. बॅटरी रिपोर्टमध्ये पूर्ण चार्जची क्षमता ५४ वॅट-तास दिसली, मूळ ६० ची. म्हणजे बॅटरी थकलेली नव्हती, खर्च जास्त होता. खर्च मोजायला पॉवरशेलमध्ये ही ओळ चालते:

```
Get-CimInstance -Namespace root/wmi -ClassName BatteryStatus | Select-Object DischargeRate
```

आकडा मिलिवॅटमध्ये येतो. चार्जर काढलेला हवा, नाहीतर शून्य दिसतं. एखादी सेटिंग बदलल्यावर काही मिनिटं थांबायचं, आणि दर वेळी तेच कागदपत्र, तोच ब्राइटनेस ठेवायचा. एका आकड्यावर विसंबायचं नाही, मागं काही चालू झालं की तो लगेच उडतो.

काकांचा मसुदा उघडा ठेवून, पूर्ण ब्राइटनेसवर, आधी जुनी सेटिंग लावून मोजलं: साधारण १२.४ वॅट. मग २५६० × १६०० आणि १५० टक्के: तेवढाच, फरक दशांशाच्या पुढच्या हालचालीत हरवणारा. हे काकांना मी मुद्दाम दाखवलं. रिझोल्यूशन कमी केलं तरी पॅनेलला चाळीस लाखांवर पिक्सेल चालवावेच लागतात आणि मागचा दिवा तितकाच जळतो. गेममध्ये ग्राफिक्सवरचं काम खरंच घटतं, तिथं फरक पडतो. टायपिंगमध्ये नाही. म्हणजे इतके दिवस डोळ्यांना त्रास सोसून बॅटरीत पदरात काहीच पडलं नव्हतं.

नंतर `Advanced display` मध्ये रिफ्रेश रेट बघितला: १६५ हर्ट्झ. कागद स्थिर पडून असला तरी पॅनेल सेकंदाला १६५ वेळा पुन्हा लिहिलं जातं, आणि कर्सर किंवा स्क्रोल हलला की ग्राफिक्सलाही त्याच वेगानं चित्रं पुरवावी लागतात. ६० केलं, थांबलो, मोजलं: १०.६ वॅट. ५४ ला भागलं तर सव्वाचार-साडेचार तासांच्या जागी पाच तासांच्या वर. अक्षराच्या स्पष्टपणात काडीचा फरक नाही, कारण रिफ्रेश रेटचा संबंध हालचालीशी आहे. स्क्रोल करताना थोडं अडखळल्यासारखं वाटतं, ते काकांना जाणवलंही नाही.

ब्राइटनेस निम्मा केल्यावर आकडा ८.१ वर आला, म्हणजे सगळ्यात मोठी बचत तिथं. पण एप्रिलच्या उजेडात लिंबाखाली निम्म्या ब्राइटनेसवर काही दिसत नाही. त्यांच्यासाठी तो मार्ग सकाळी लवकर आणि ढगाळ दिवशीच. म्हणूनच या केसमध्ये रिफ्रेश रेटचे पावणेदोन वॅट मोलाचे. घरात बसून काम करणाऱ्याला मी आधी ब्राइटनेसच सांगतो.

सगळं लागलं आणि काकांनी मराठी टायपिंगचा जुना प्रोग्रॅम उघडला. तो पुसट! आता मात्र स्क्रीनशॉटही पुसट आला, म्हणजे दोष वेगळा. या जुन्या प्रोग्रॅमला स्केलिंग कळत नाही. तो १०० टक्क्यांनी खिडकी रंगवतो आणि विंडोज ती फोटोसारखी मोठी करतं. त्याच्या `Properties` मधल्या `Compatibility` मध्ये `Change high DPI settings` उघडून `System (Enhanced)` निवडलं. अक्षरं स्पष्ट झाली, वरच्या पट्टीतली चिन्हं थोडी पुसटच राहिली. हा उपाय विंडोजच्या जुन्या पद्धतीनं काढलेल्या मजकुराला लागतो, चित्रांना नाही. `Application` निवडलं असतं तर सगळं लखलखीत झालं असतं, पण मुंगीएवढं.

ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट झाला की ६० चं परत १६५ होऊ शकतं. म्हणून ती जागा काकांना स्वतःच्या हातानं दोनदा उघडायला लावली, आणि पोरगा दिवाळीत गेम खेळायला मागेल तेव्हा चार्जर लावून १६५ करायचं, जाताना परत ६०, हे त्यांच्या वहीत लिहून दिलं.